नकाशा छाटला, तरी सर्व्हर अडकतच राहिला

मे 2024 ची सुट्टी होती. शनिवारी रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. "मामा, परत अडकतंय. दगड फोडला की दोन सेकंदांनी तो परत जागेवर येतोय. दार उघडत नाहीये. सगळे वैतागलेत."

हा आमचा माइनक्राफ्टचा सर्व्हर. भाचा आणि त्याचे शाळा-क्लासमधले मित्र मिळून चौदा मुलं त्यावर खेळतात. चार कोअर आणि 8 जीबी मेमरीचं एक भाड्याचं मशीन, त्यावर पेपर या सर्व्हर-सॉफ्टवेअरची 1.20.4 आवृत्ती. जग तेच, दोन वर्षांपूर्वी सुरू केलेलं. मुलांनी त्यात अक्षरशः गावं वसवली आहेत, म्हणून नवं जग सुरू करायचा प्रश्नच नव्हता. मी लॅपटॉप उघडून कन्सोल पाहिला तर ही ओळ दर पंधरा-वीस सेकंदांनी येत होती:

```
Can't keep up! Is the server overloaded? Running 2150ms or 43 ticks behind
```

माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला वीस टिक चालवतो. एका टिकमध्ये जगातल्या सगळ्या हालचालींचा एक फेरा पूर्ण होतो आणि त्यासाठी 50 मिलिसेकंद मिळतात. फेरा त्यात आटोपला तर उरलेला वेळ सर्व्हर स्वस्थ बसतो. नाही आटोपला, तर पुढचा फेरा उशिरा सुरू होतो आणि मुलांना जग संथ झाल्यासारखं दिसतं. वरच्या ओळीचा अर्थ एवढाच, की आम्ही 43 फेरे मागे पडलो होतो.

त्या रात्री मी जगाचा फोल्डर उघडला आणि आकार पाहिला. 11 जीबी. त्यातलं साडेनऊ जीबी एकट्या ओव्हरवर्ल्डचं, म्हणजे खेळातल्या मुख्य जगाचं. मनात लगेच गाठ बसली, जग फार मोठं झालंय, म्हणून सर्व्हरला पेलवत नाहीये. छाटायला हवं. हा समज फार लोकांचा असतो, माझाही होता, आणि त्यापायी माझे तीन आठवडे गेले. म्हणून आधी छाटणीचंच सांगतो.

जग डिस्कवर `region` नावाच्या फोल्डरमध्ये `r.0.0.mca` अशा नावांच्या फायलींत असतं. एका फायलीत 32 बाय 32 चंक, आणि एक चंक म्हणजे 16 बाय 16 ब्लॉकचा उभा तुकडा. शेजारी `entities` आणि `poi` असे आणखी दोन फोल्डर असतात. पहिल्यात त्याच चंकमधले प्राणी, व्हिलेजर हे खेळातले गावकरी, भिंतीवरच्या फ्रेमा. दुसऱ्यात पलंग, कामाची टेबलं, पोर्टल यांची नोंदवही. हे मुद्दाम सांगतो, कारण काही जण `region` मधल्या फायली हाताने उडवतात आणि बाकीचे दोन फोल्डर तसेच ठेवतात. मग नव्याने तयार झालेल्या डोंगराच्या पोटात जुन्या गाई उभ्या सापडतात. एमसीए सिलेक्टर हा प्रोग्रॅम तिन्ही ठिकाणचं एकत्र काढतो, म्हणून मी तोच वापरला.

सर्व्हर बंद केला, पूर्ण बॅकअप घेतला, जगाची प्रत लॅपटॉपवर आणली आणि एमसीए सिलेक्टरमध्ये उघडली. वरून दिसणारा नकाशा पाहून कारण डोळ्यांसमोरच आलं. मधोमध वस्तीचा गोळा आणि त्यातून चहूबाजूंना निघालेले लांबच लांब पट्टे, काही तर तीस हजार ब्लॉकपर्यंत गेलेले. हे एलिट्राचे पंख लावून उडालेल्या मुलांचे माग होते. मूल सरळ उडत जातं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा चंक दिसावे लागतात, म्हणून प्रत्येक उड्डाण 21 चंक रुंदीचा रस्ता मागे सोडतं. हजार ब्लॉक उडालं की तेराशे चंक तयार झाले. आमच्या जगात एक चंक सरासरी 8 केबी जागा घेत होता, म्हणजे हजार ब्लॉकला दहा एमबी. परत त्या बाजूला कुणी जावो न जावो.

कोणता चंक ठेवायचा आणि कोणता काढायचा हे `InhabitedTime` वरून ठरवतात. प्रत्येक चंक स्वतःजवळ एक आकडा बाळगतो: खेळाडू आसपास, म्हणजे साधारण 128 ब्लॉकच्या आत, असताना किती टिक गेले. वीस टिकचा एक सेकंद. एलिट्राने सेकंदाला तीस ब्लॉकच्या वेगाने कुणी वरून गेलं तर चंकच्या नावावर आठ-नऊ सेकंद जमा होतात. घर बांधणारं मूल तिथे तासन्‌तास असतं. त्यामुळे "दोन मिनिटांपेक्षा कमी" अशी चाळणी लावली तरी उड्डाणाचे पट्टे निघून जातात आणि घरं राहतात. मी मात्र घाईत दहा मिनिटांची चाळणी लावली, ओव्हरवर्ल्डला आणि नेदर या पाताळातल्या जगालाही. आकडा मोठा घेतला की जास्त जागा सुटेल, एवढाच विचार.

ओव्हरवर्ल्ड साडेनऊवरून दीड जीबीच्याही खाली आलं. मी समाधानाने सर्व्हर चालू केला. अर्ध्या तासात फोन. नेदरमध्ये मुलांनी बर्फ टाकून होडीचा बोगदा केला होता, दोन तळांना जोडणारा. होडी भर वेगात जाऊन नेदररॅकच्या भिंतीवर आदळली. पुढचा सहाशे ब्लॉकचा बोगदाच नाहीसा झाला होता. बोगदा खणणारा पुढे पुढे सरकत जातो, कुठेच फार थांबत नाही. नंतर होडी तर काही सेकंदांत निघून जाते. म्हणून ज्या जागेवर मुलांनी सर्वांत जास्त मेहनत घेतली, तिच्याच खात्यावर दहा मिनिटं भरली नव्हती. बॅकअप होता म्हणून वाचलो. एमसीए सिलेक्टरमध्ये बॅकअपमधले तेवढेच चंक निवडून कॉपी केले आणि चालू जगात त्याच जागी पेस्ट केले. त्यानंतर नेदरला मी कधीच चाळणी लावली नाही. तिथे वाचणारी जागा थोडी आणि बोगद्यांचं जाळं मोठं. ओव्हरवर्ल्डलाही आता दोन मिनिटांच्या वर जात नाही. चाळणीने निवडलेले चंक नकाशावर रंगून दिसतात, ते मुलांना दाखवतो आणि "इथे कुणाचं काही पुरलेलं आहे का?" असं विचारल्याशिवाय काढत नाही. पहिल्याच वेळी दोन गुप्त पेट्या निघाल्या.

आता मुख्य गोष्ट. एवढं करून पुढच्या शनिवारी सर्व्हर अडकलाच. आणि आधीपेक्षा जास्त.

मी दोन दिवस त्यावर विचार करत होतो. मग लक्षात आलं की डिस्कवर पडून असलेल्या चंकचा टिकशी काही संबंधच नाही. सर्व्हर मुख्यतः खेळाडूंच्या आसपासचेच चंक मेमरीत आणतो आणि चालवतो. तीस हजार ब्लॉकवरचं ओसाड वाळवंट फायलीत झोपलेलं असतं. ते असलं काय, नसलं काय, त्या 50 मिलिसेकंदांतला एकही खर्च होत नाही. मोठ्या जगाचा त्रास खरा आहे, पण तो डिस्क भरण्याचा, बॅकअपला तास लागण्याचा. डिस्क पूर्ण भरली तर जग नीट सेव्ह होत नाही, ती वेगळी आपत्ती. पण अडकण्याशी त्याचा संबंध नाही. उलट छाटल्यामुळे मी नुकसानच केलं होतं: मुलं परत त्याच दिशांना उडाली, आणि आधी जे चंक डिस्कवरून नुसते वाचून चाललं असतं, ते सर्व्हरला पहिल्यापासून पुन्हा बनवावे लागले. वाचणं स्वस्त, बनवणं महाग.

मग मी अंदाज सोडले आणि मोजायला बसलो. स्पार्क हे प्लगइन टाकलं आणि नऊ मुलं खेळत असताना दहा मिनिटांची नोंद घेतली:

```
/spark profiler start --timeout 600
```

वेळ संपली की ते एक दुवा देतं. तो उघडला की टिकमधला वेळ कुठे कुठे गेला त्याचं झाड दिसतं. पण झाडाच्या आधी मी पाहत राहिलो तो `mspt` चा आकडा, म्हणजे एका टिकला लागलेले मिलिसेकंद. सरासरी 44. म्हणजे सर्व्हर कायमच काठावर चालत होता. आणि मधूनच एकेक टिक 700, 900 मिलिसेकंदांची. ही दोन वेगळी दुखणी होती आणि मी त्यांना एकच समजत होतो. एक सतत दाबून धरणारं ओझं आणि दुसरा अधूनमधून बसणारा हिसका. ओझ्यामुळे शिल्लक उरत नव्हती, म्हणून हिसका बसला की सावरायला जागाच नसायची.

ओझं कशाचं, ते झाडात लगेच दिसलं. टिकमधला जवळजवळ चाळीस टक्के वेळ `Villager` नावाच्या फांदीखाली जात होता, आणि त्यातलाही बराचसा `Brain` मध्ये. पेपरची एक आज्ञा आहे, ती एका प्रकारच्या एंटिटी, म्हणजे प्राणी-व्हिलेजरसारख्या हलत्या गोष्टी, कुठल्या चंकमध्ये किती आहेत ते सांगते:

```
/paper entity list minecraft:villager world
```

212 व्हिलेजर. जवळपास सगळे पाच-सहा चंकमध्ये, स्पॉनजवळच्या, म्हणजे खेळाडू जिथे उतरतात त्या जागेजवळच्या बाजारात. मुलांनी तिथे व्यापाऱ्यांच्या रांगा लावल्या होत्या, आणि तळघरात व्हिलेजर वाढवायचं यंत्र होतं. ते यंत्र कुणी बंदच केलं नव्हतं.

व्हिलेजर इतका महाग का, हे समजून घेतल्याशिवाय उपाय सुचत नाही. गाय चरते, इकडेतिकडे फिरते. व्हिलेजरला दिनक्रम आहे: पलंग शोधायचा, कामाचं टेबल शोधायचं, तिथवरचा रस्ता काढायचा, इतरांना भेटायचं, झोंबी दिसला तर पळायचं. एका ब्लॉकच्या कोठडीत बंद केलेला व्हिलेजरसुद्धा हे सगळं करत राहतो. रस्ता बंद असतो, म्हणून तो रस्ता शोधण्यात अपयशी ठरतो आणि थोड्या वेळाने पुन्हा शोधतो. तळघरातल्या व्हिलेजरना तर पलंगही नव्हते, कामही नव्हतं. त्यांचा शोध कधी संपतच नव्हता. त्यात सगळे एकमेकांना खेटून उभे, म्हणजे कोण कुणाला ढकलतंय याचाही हिशोब. दहा जणांत तो फार नसतो, पण प्रत्येकाचा प्रत्येकाशी असल्यामुळे गर्दी दुप्पट झाली की हिशोब चौपट होतो.

माझ्या एका मित्राने सुचवलं, दर दहा मिनिटांनी जमिनीवर पडलेल्या वस्तू पुसून टाकणारं प्लगइन लाव, सगळे तेच करतात. मी यादी पाहिली. पडलेल्या वस्तू होत्या दोनशेच्या आसपास, आणि स्पार्कच्या झाडात त्यांचा वाटा एक टक्काही नव्हता. वस्तू अशाही पाच मिनिटांनी आपोआप जातात. मेलेल्या मुलाचं हिऱ्याचं सामान पुसून टाकायचं आणि व्हिलेजर तसेच ठेवायचे, याला काही अर्थ नव्हता.

आधी मी सेटिंगने सोडवायचा प्रयत्न केला. `spigot.yml` मध्ये खेळाडूपासून किती अंतरावरच्या एंटिटी पूर्ण चालवायच्या ते ठरवता येतं:

```
entity-activation-range:
  villagers: 16
  tick-inactive-villagers: false
```

मूळचे आकडे 32 आणि `true`. बदल केल्याबरोबर `mspt` खाली आला, पण दुसऱ्याच दिवशी तक्रार आली की लोखंडाच्या फार्ममधून गोलेम येईनासे झालेत आणि दूर उभं राहिलं की शेतकरी व्हिलेजर पीक काढत नाहीत. साहजिकच होतं, त्यांना झोपवलं तर ते काम कसं करणार. मुलांनी जे महिनोन्‌महिने खपून बांधलं ते एका ओळीने निकामी करणं मला पटेना. ओळ मागे घेतली.

खरा उपाय वेगळ्याच ठिकाणी होता. एंटिटी किती आहेत यापेक्षा त्या खेळाडूंच्या जवळ किती आहेत, हे महत्त्वाचं. आमची `simulation-distance` दहा चंकची, म्हणजे 160 ब्लॉक. तेवढ्या अंतरात कुणी खेळाडू नसेल तर तिथले व्हिलेजर डिस्कवर जातात आणि त्यांचा खर्च शून्य. आणि आमचे 212 च्या 212 नेमके स्पॉनपाशी, जिथे कायम कुणी ना कुणी असतंच.

मी मुलांना बोलावून झाडाचं चित्र दाखवलं. भाचा म्हणाला, "म्हणजे बाजार गावाबाहेर न्यायचा?" तेच. कोणते व्यापारी रोज लागतात त्याची यादी त्यांनीच केली: दुरुस्तीचं पुस्तक देणारे ग्रंथपाल, काठ्या घेणारे, बाण देणारे. असे 74 राहिले. 88 जण नऊशे ब्लॉकवरच्या एका जुन्या गावात हलवले. त्यासाठी पोरांनी नेदरमधून रूळ टाकले आणि दोन शनिवार-रविवार एकेका व्हिलेजरला गाडीत बसवून नेलं. तळघरातले उरलेले 50 मी त्यांना विचारून आज्ञेने काढले आणि यंत्राला एक लिव्हर लावून घेतला. आता हवं तेव्हाच ते चालतं.

त्यानंतर नऊ मुलं असताना सरासरी `mspt` 26 वर आला. 44 वरून 26. संख्या लहान वाटेल, पण पूर्वी टिकमागे सहा मिलिसेकंद शिल्लक असायचे, आता चोवीस.

ओझं उतरलं, हिसके राहिले. त्यांच्यासाठी स्पार्कमध्ये फक्त मोठ्या टिकांचीच नोंद घेता येते:

```
/spark profiler start --only-ticks-over 100
```

या नोंदीत व्हिलेजर नावालाच होते. सगळा वेळ नव्या चंकशी संबंधित कामात. आणि प्रत्येक हिसक्याच्या वेळी कुणीतरी उडत होतं. मी फोनवर विचारून विचारून खात्री केली. पेपर चंक बनवायचं बरंचसं काम मुख्य, म्हणजे टिक चालवणाऱ्या धाग्याबाहेर, वेगळ्या धाग्यांवर करतो हे खरं. पण मशीन चार कोअरचं. ते धागे कोअर अडवून बसले की मुख्य धाग्यालाही वाट पाहावी लागते, आणि तयार चंक जगात जोडायचं शेवटचं काम त्याचंच असतं.

इथे मी एक साधा हिशोब मांडला आणि तो मला फार उपयोगी पडला. एलिट्राने फटाके उडवत जाणारं मूल सेकंदाला तीस ब्लॉक जातं. म्हणजे पावणेदोन ते दोन चंक पुढे. रुंदी 21 चंक. गुणाकार केला की एका मुलासाठी सर्व्हरला सेकंदाला सुमारे चाळीस नवे चंक हवेत. आता आमचं मशीन किती बनवू शकतं? कुणी खेळत नसताना, पूर्ण जोर लावून, सेकंदाला अठ्ठावीस. म्हणजे एकटं मूल उडालं तरी मशीन पुरं पडत नव्हतं. दोन मुलं दोन दिशांना उडाली तर विचारायलाच नको. मोठं मशीन घेतलं असतं तरी तिसऱ्या मुलाने तेही बसवलं असतं.

तातडीचा उपाय म्हणून `server.properties` मध्ये `view-distance` दहावरून सातवर आणलं. रुंदी 21 ऐवजी 15 चंक, म्हणजे मागणी चाळीसवरून तीसच्या खाली. हिसके निम्म्यावर आले. पण मुलांना दूरचे डोंगर धुक्यात गेलेले आवडत नव्हते, आणि ते माझ्या मते योग्यच होतं.

कायमचा उपाय म्हणजे जगाला सीमा घालायची आणि सीमेच्या आतले सगळे चंक आधीच बनवून ठेवायचे. हे काम चंकी नावाचं प्लगइन करतं. पण इथे मी मुद्दाम थांबलो. जून महिना होता आणि 1.21 येऊ घातलं होतं. त्यात जमिनीखाली ट्रायल चेंबर नावाच्या नव्या इमारती होत्या, आणि अशा इमारती फक्त नव्याने बनणाऱ्या चंकमध्ये येतात. एकदा बनलेल्या चंकमध्ये आवृत्ती बदलली तरी त्या उगवत नाहीत. आवृत्ती येण्याच्या आठवडाभर आधी सगळं जग बनवून ठेवलं असतं, तर मुलांना एकही ट्रायल चेंबर मिळाला नसता. 13 जूनला 1.21 आलं. पेपर आणि आमची प्लगइनं त्यावर नीट चालेपर्यंत मी वाट पाहिली, मग आवृत्ती बदलली.

आणि आता छाटणीला खरा अर्थ आला. दोन मिनिटांची चाळणी, मुलांची परवानगी, बॅकअप, आणि वापरात नसलेले सगळे चंक बाहेर. बीज, म्हणजे ज्या आकड्यावरून जग बनतं तो, तेच असल्यामुळे आणि या दोन आवृत्त्यांत जमिनीची रचना बदललेली नसल्यामुळे डोंगर-नद्या जशाच्या तशा परत येतात, कडेला तुटलेले कडे दिसत नाहीत; फक्त खाली ट्रायल चेंबर नवे. एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवावी लागली: छाटलेल्या भागातली लुटून झालेली देवळं आणि जहाजं परत भरलेली सापडणार. मुलांना ते आवडलंच.

सीमा किती घ्यायची यावर वाद झाला. मला केंद्रापासून 5000 ब्लॉक पुरेसे वाटत होते, पण एका मुलाचं घर पूर्वेला 6100 वर. सीमा वाढवून 6500 केली असती तर बनवायचे चंक जवळपास पावणेदोन पट झाले असते, तेही एका घरासाठी. मग नकाशा नीट पाहिला तर पश्चिमेला 2800 च्या पुढे कुणीच नव्हतं. केंद्र शून्यावरच असायला हवं असं कुणी सांगितलं? ते 1500 ब्लॉक पूर्वेला सरकवलं आणि सगळी घरं 5000 मध्ये बसली.

```
/worldborder center 1500 0
/worldborder set 10000
/chunky world world
/chunky center 1500 0
/chunky radius 5200
/chunky start
```

`worldborder` ला पूर्ण रुंदी द्यावी लागते आणि चंकीला त्रिज्या, हे विसरलं की अर्ध्याच रुंदीचं जग मिळतं. आणि 5000 ऐवजी 5200 का, तर सीमेच्या काठावर उभं राहिलेलं मूल पलीकडे दहा चंक, म्हणजे 160 ब्लॉक पाहू शकतं. तेवढी पट्टी बनवलेली नसेल तर सगळ्या सीमेवर थोडे थोडे हिसके राहतातच. पेपरवर प्रत्येक जगाची सीमा वेगळी असते, म्हणून नेदर आणि एंडसाठी हेच पुन्हा केलं. नेदर लहान, तासाच्या आत आटोपला.

ओव्हरवर्ल्डचे 5200 त्रिज्येत 4 लाख 22 हजार 500 चंक होतात. अठ्ठावीसच्या वेगाने चार तास आणि थोडं. रात्री बाराला मुलांना बाहेर पडायला सांगून सुरू केलं. कन्सोलवर टक्केवारी आणि उरलेला वेळ सरकत होता. मध्ये तीनच्या सुमारास मेमरी काठाशी आली असं वाटलं, तेव्हा `/chunky pause` देऊन सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला आणि `/chunky continue` ने तिथूनच पुढे नेलं. काम वाया जात नाही. पहाटे पाचला पूर्ण झालं. ओव्हरवर्ल्ड आता 3.6 जीबी. आधीच्या साडेनऊपेक्षा कितीतरी कमी, आणि यापुढे ते या सीमेपलीकडे पसरणार नाही, त्यामुळे बॅकअपची डिस्क किती लागेल हेही मला आधीच ठाऊक असतं.

त्या रविवारी `view-distance` परत दहावर नेलं आणि भाच्याला म्हटलं, "चौघं चार दिशांना उडा, सीमेपर्यंत." मी `mspt` बघत बसलो. सरासरी 28, सर्वांत मोठी टिक 70 ची. "Can't keep up!" ची ओळ एकदाही आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्याचा फोन आला. "मामा, सीमा वाढव ना, आम्ही सगळं बघून झालंय." 6000 करायची तर 6200 पर्यंत बनवायचं. 6 लाख 625 वजा आधीचे, म्हणजे 1 लाख 78 हजारांच्या आसपास नवे चंक. अठ्ठावीसने भागलं. पावणेदोन तास, आणि डिस्कवर दीड जीबीच्या आत. मी त्याला सांगितलं, "आज रात्री अकराला सगळे बाहेर पडा. एक वाजेपर्यंत होईल. आधी चंक, मग सीमा."